नव्या बाळाचं नाव फ्लोटर पॉलिसीत चढवताना: तारीख, दाखला आणि वाढीव प्रीमियम

नवराबायकोची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे, वर्षानुवर्षं हप्ते वेळेवर भरलेत, म्हणजे बाळ जन्मलं की तेही आपोआप त्या पॉलिसीत आलं, असं बहुतेक घरांत धरून चालतात. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते, दवाखाना डिपॉझिट मागतो, आणि मग कळतं की पॉलिसीच्या कागदावर बाळाचं नावच नाही. कुटुंबाची पॉलिसी असली तरी विमा कंपनी कुटुंबाला ओळखत नाही. कागदावर लिहिलेल्या माणसांना ओळखते.

हे नाव चढवायचं काम फारसं अवघड नाही. अर्ज, जन्माचा दाखला आणि थोडा वाढीव प्रीमियम एवढंच लागतं. पण ते कधी करायचं याला फार महत्त्व आहे, आणि नेमकं तेच आईवडिलांना कोणी नीट सांगत नाही.

फ्लोटर म्हणजे नेमकं काय

फॅमिली फ्लोटरमध्ये सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असते. दहा लाखांची पॉलिसी असेल तर वर्षभरात घरातल्या कोणाच्याही दवाखान्याचं बिल त्याच दहा लाखांतून जातं. एकट्याने नऊ लाख वापरले तर बाकीच्यांसाठी एकच लाख उरतो. बाळ जोडलं की ही रक्कम वाढत नाही, वाटेकरी वाढतो.

चालू पॉलिसीत असा कोणताही बदल झाला की कंपनी त्याचं एक पत्रक काढते. त्याला एंडोर्समेंट म्हणतात. मूळ पॉलिसीला जोडलेलं हे पान हाच बाळ विम्यात आल्याचा पुरावा. एजंटने 'काम झालं' म्हटलं, व्हॉट्सअॅपवर दाखल्याचा फोटो पाठवला, कंपनीचा 'आपली विनंती मिळाली' असा मेसेज आला, तरी ते पान हातात येईपर्यंत बाळ विम्यात आलं असं समजू नका.

वर्षाच्या मध्येच माणूस जोडायची मुभा सहसा दोनच प्रसंगी मिळते: लग्न होऊन जोडीदार आला तर आणि बाळ झालं तर. बाकीच्यांना नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

पहिले नव्वद दिवस

बऱ्याच किरकोळ पॉलिसींमध्ये, म्हणजे आपण स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसींमध्ये, मूल 91 दिवसांचं झाल्याशिवाय घेत नाहीत. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2020 साली सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही अवलंबून असलेल्या मुलांचं वय 3 महिने ते 25 वर्षं असंच दिलेलं आहे. काही कंपन्या सोळाव्या दिवसापासून घेतात, काही पहिल्या दिवसापासून. त्यामुळे आपल्या पॉलिसीत कोणता आकडा आहे ते बाळंतपणाच्या आधीच बघून ठेवायला हवं. 'पात्रता' किंवा 'अवलंबून असलेली मुले' या मथळ्याखाली तो सापडतो.

मग पहिल्या तीन महिन्यांत काय? तिथे आईच्या पॉलिसीतलं मातृत्व कलम कामी येतं. ज्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मिळतो, तिथे नवजात बाळाचा उपचारही पहिल्या दिवसापासून मिळतो असं बरेचदा लिहिलेलं असतं. त्याला अटी असतात. आईचा बाळंतपणाचा क्लेम कंपनीने मान्य केलेला हवा, म्हणजेच मातृत्वासाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून ज्या काळात तो खर्च मिळत नाही तो काळ, संपलेला हवा. हे संरक्षण साधारणपणे 90 दिवस किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तेवढंच चालतं. काही पॉलिसींत बाळाचा खर्च बाळंतपणासाठी ठरवलेल्या मर्यादेतच धरतात. ती मर्यादा पन्नास हजार असेल आणि सिझेरियनमध्येच संपली, तर बाळासाठी काही उरत नाही. आरोग्य संजीवनीत तर बाळंतपणच वगळलेलं आहे, त्यामुळे तिथे हा मार्ग मुळातच बंद.

कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेली गट पॉलिसी इथे बहुधा जास्त उदार असते. बऱ्याच गट पॉलिसींत बाळ पहिल्या दिवसापासून येतं, प्रतीक्षा कालावधीही माफ असतो. अट एवढीच की जन्मानंतर ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी 30 दिवसांत, एचआरला कळवायला हवं. ही मुदत हुकली की पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाची वाट बघावी लागते. नोकरी दोघांनाही असेल तर दोघांच्या गट पॉलिसीत बाळाचं नाव द्या. एका ठिकाणी रक्कम संपली तर दुसरीकडे मागता येते.

यातलं काहीच नसेल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी सरकारी दवाखान्याचा आधार लक्षात ठेवावा. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतात आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळावर तिथे मोफत उपचार होतात. ही सोय विमा नसलेल्यांनीच वापरावी असं काही नाही.

बारशाच्या गडबडीत राहून जाणारा कागद

बाळ जोडायच्या अर्जात जन्माचा दाखला हा मुख्य पुरावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचं वजन आणखी वाढलं आहे. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरायचा आहे.

जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून होते. 30 दिवस उलटले की वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणून दवाखान्यातून घरी येतानाच विचारून घ्यावं की नोंद पाठवली का, आणि कुठे पाठवली: महापालिकेत, नगरपालिकेत की ग्रामपंचायतीत.

'बाळाचं नावच ठरलं नाही, मग दाखला कसा मिळणार?' असं विचारणारे पुष्कळ असतात. नाव नसतानाही नोंद होते आणि नावाची जागा कोरी ठेवून दाखला मिळतो. नाव नंतर घालता येतं, वर्षभराच्या आत घातलं तर त्याला शुल्कही नाही. विमा कंपनीही सहसा आईच्या नावावरून 'बेबी ऑफ अमुक' अशी नोंद करून घेते आणि नाव ठरल्यावर दुरुस्तीचं एंडोर्समेंट काढते. नावावाचून अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही.

खरा घोळ होतो तो आईच्या नावाचा. दवाखान्याच्या फाइलवर, कारण बाळंतपण माहेरी झालेलं असतं, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. पॉलिसीवर आणखी तिसरंच, नवऱ्याचं नाव मध्ये घालून. जन्मदाखल्यावर यातलं एक नाव उतरतं आणि कंपनी विचारते की ही आई आणि पॉलिसीतली विमाधारक एकच कशावरून? त्यावर विवाह नोंदणी दाखला किंवा प्रतिज्ञापत्र जोडून मार्ग निघतो, पण त्यात दिवस जातात. सोपा उपाय असा की दवाखाना जन्माची माहिती भरून घेतो तो अर्ज सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावा आणि आईवडिलांची नावं पॉलिसीवर आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने लिहून घ्यावीत. दाखला निघाल्यावर दुरुस्ती होते, पण निबंधकाकडे पुन्हा खेपा घालाव्या लागतात.

दाखला यायला वेळ लागत असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड लावून अर्ज आधी द्यावा आणि दाखला मागाहून जोडावा. काही कंपन्या हे चालवून घेतात. काही नाही घेत, पण कळवल्याची तारीख तरी नोंदली जाते.

विमा रक्कम तेवढीच, मग पैसे का वाढले?

हा प्रश्न रास्त आहे. इमारतीच्या गच्चीवरची टाकी तीच असते, पण एक बिऱ्हाड वाढलं की पाणी जास्त उपसलं जातं. विम्याचंही तसंच. कंपनी जास्तीत जास्त दहा लाखच देणार असली तरी ते देण्याची वेळ येण्याची शक्यता एका माणसाने वाढते, आणि तान्ही मुलं दवाखान्यात दाखल होतातही. वाढीव प्रीमियम त्या शक्यतेचा असतो.

त्यातल्या त्यात दिलासा असा की बहुतेक फ्लोटरमध्ये प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर आणि कुटुंबाच्या रचनेवर ठरतो. बाळ आल्याने मोठ्यांचं वय बदलत नाही. फक्त 'दोन प्रौढ' या रांगेतून पॉलिसी 'दोन प्रौढ, एक मूल' या रांगेत जाते.

उदाहरण घेऊ. समजा, सांगलीच्या एका जोडप्याची दहा लाखांची पॉलिसी 1 डिसेंबर 2025 ते 30 नोव्हेंबर 2026 अशी आहे. दोन प्रौढांचा वार्षिक प्रीमियम 21,900 रुपये आणि त्याच पॉलिसीत एक मूल धरलं तर 25,550, असं मानू. वर्षाचा फरक 3,650 रुपये, म्हणजे दिवसाला दहा रुपये.

बाळाचा जन्म 10 फेब्रुवारी 2026 चा. जन्माचा दिवस पहिला धरला तर 11 मे हा 91 वा दिवस येतो. 91 दिवस पूर्ण व्हायला हवेत अशी अट असेल तर 12 मे. एका दिवसाने अर्ज परत येऊ नये म्हणून कंपनी कसं मोजते ते विचारून घ्यावं. जोडप्याने एप्रिलच्या शेवटीच कागद देऊन ठेवले, कंपनीने मे महिन्यात प्रीमियमची लिंक पाठवली, त्यांनी पैसे भरले आणि बाळ 15 मे पासून जोडलं गेलं. त्या दिवसापासून 30 नोव्हेंबरपर्यंत 200 दिवस उरतात. दिवसाला दहा रुपयांप्रमाणे वाढीव प्रीमियम झाला 2,000 रुपये. पूर्ण वर्षाचा फरक पुढच्या नूतनीकरणात लागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे या दोन हजारांवर पूर्वीसारखा 18 टक्के कर नाही. कोणी तो लावून आकडा सांगितला तर हिशेब मागा. कार्यालयाच्या गट पॉलिसीला मात्र ही सूट नाही.

प्रीमियमची लिंक आली की ती पडून राहू देऊ नका. प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही, असा नियम 1938 च्या विमा कायद्यातच आहे, कलम 64 व्हीबी. अर्ज एप्रिलमध्ये दिला आणि पैसे जूनमध्ये भरले, तर मधल्या काळातल्या आजारपणाचं बिल मागताना 'अर्ज तर आधीच दिला होता' हे म्हणणं टिकत नाही.

नूतनीकरणालाच जोडलं तर काय बिघडतं?

वरच्या उदाहरणात दोन हजार वाचतात. बदल्यात बाळ 200 दिवस विम्याबाहेर राहतं, आणि त्यात अख्खा पावसाळा येतो. जुलाब, छातीत कफ, डेंग्यू हे त्याच महिन्यांतले आजार. चार-पाच दिवस दाखल करावं लागलं तर खासगी दवाखान्याचं बिल या दोन हजारांच्या कितीतरी पट होतं.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. आईवडिलांची पॉलिसी पाच वर्षं जुनी असली तरी बाळाचं घड्याळ बाळ जोडल्याच्या दिवसापासून चालू होतं. नव्या सदस्याला सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून इतर आजारांसाठी संरक्षण नसतं, ही अट बऱ्याच पॉलिसींत बाळालाही लागते. उदाहरणातल्या बाळाचे ते दिवस 13 जूनला संपतील. नूतनीकरणाला जोडलं तर डिसेंबरअखेर. हर्नियासारख्या ठरावीक आजारांचा जो लांब प्रतीक्षा कालावधी असतो, तोही तेवढाच पुढे ढकलला जातो.

आणि एक फसगत अशी: बाळ ऑक्टोबरमध्ये झालं आणि पॉलिसी 1 डिसेंबरला नव्याने सुरू होणार असेल, तर त्या दिवशी बाळ 91 दिवसांचं नसतं. कंपनी म्हणते आता घेता येणार नाही. घरचे समजतात की आता पुढच्या डिसेंबरलाच. वास्तविक जानेवारीत बाळ पात्र झालं की मध्येच जोडता येतं, पण तोवर कोणाच्या लक्षात राहत नाही. काही कंपन्यांनी पात्र झाल्यापासून अमुक दिवसांत कळवा अशी मुदतही घातलेली असते, आणि मग खरोखरच वर्ष जातं. असं असेल तर नूतनीकरणाच्या वेळीच लेखी कळवून ठेवावं.

तान्ह्या बाळाला 'आधीपासूनचा आजार' कसा असेल?

आईवडिलांच्या हा भाग सर्वांत जास्त जिव्हारी लागतो, आणि ते साहजिक आहे. पॉलिसी आधीपासून आहे, बाळ नंतर जन्मलं, तर त्याचा आजार पॉलिसीच्या आधीचा कसा? पण 'आधी' हे मोजायचं ते बाळ विम्यात आलं त्या तारखेपासून मागे. जोडण्याच्या आधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार केलेला आजार म्हणजे आधीपासूनचा आजार. बाळाचं सगळं आयुष्य त्यात येतं. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना हृदयात छिद्र दिसलं, टूडी इको झाला, आणि बाळ 95 व्या दिवशी जोडलं, तर ते छिद्र आधीपासूनचा आजार ठरतं. त्यावर जास्तीत जास्त 36 महिन्यांची प्रतीक्षा लागू शकते. हेच बाळ पहिल्या दिवसापासून संरक्षण देणाऱ्या पॉलिसीत असतं तर चित्र वेगळं असतं. मूल होण्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी मातृत्व आणि नवजात बाळाचं कलम आधीच, प्रतीक्षा कालावधी हिशेबात धरून घ्यावं असं मी म्हणते ते यासाठीच.

जन्मजात दोषांचे विमा दोन प्रकार करतो. बाहेरून दिसणारे, उदाहरणार्थ दुभंगलेला ओठ; आणि आतले, न दिसणारे, जसं हृदयातलं छिद्र. बाहेरचे दोष बऱ्याच पॉलिसींत वगळलेलेच असतात. आतल्यांसाठी अटी पॉलिसीगणिक बदलतात. दोन्हींसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी आणि उपचाराची सोय आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.

'मग फॉर्मवर लिहूच नये' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अर्जासोबत बाळाच्या तब्येतीची माहिती भरून द्यावी लागते. डिस्चार्ज कार्डावर जन्माचं वजन, किती आठवड्यांना जन्म, जन्मतः रडलं का, अतिदक्षता कक्षात किती दिवस, कावीळ आणि फोटोथेरपी, सगळं लिहिलेलं असतं. क्लेमच्या वेळी कंपनी हेच कार्ड मागते. दोन दिवसांची कावीळ होऊन बरी झाली असं लिहिल्याने सहसा काही अडत नाही. तीच गोष्ट लपवल्याचं दिसलं तर पुढच्या, तिच्याशी संबंध नसलेल्या क्लेममध्येही अडवणूक होऊ शकते.

अर्ज असा लिहा

कंपनीच्या साइटवर किंवा अॅपवर सदस्य जोडण्याचा फॉर्म असतो. तो भरलात तरी एक ईमेलही पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

विषय: पॉलिसी क्र. ______ मध्ये नवजात बाळाचे नाव समाविष्ट करणेबाबत

महोदय,
वरील फॅमिली फ्लोटर पॉलिसी माझ्या नावे असून तिची मुदत ______ ते ______ आहे. दिनांक ______ रोजी मला मुलगी/मुलगा झाली/झाला. बाळाला पात्र होताच, म्हणजे दिनांक ______ पासून, पॉलिसीत समाविष्ट करावे ही विनंती. जन्मदाखला (नोंदणी क्र. ______), डिस्चार्ज कार्डाची प्रत व तब्येतीविषयीचे निवेदन सोबत जोडले आहे. उरलेल्या दिवसांचा वाढीव प्रीमियम हिशेबासह कळवावा, तो त्वरित भरतो/भरते. बाळाला कोणते प्रतीक्षा कालावधी लागू होतील हेही लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. फोनवर मिळालेलं उत्तर क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही.

एंडोर्समेंट आल्यावर काय बघायचं

आधी बाळ ज्या दिवसापासून जोडलं ती तारीख. उदाहरणातल्या जोडप्याच्या कागदावर 15 मे 2026 ऐवजी चुकून 1 डिसेंबर 2026 पडलं, तर पैसे भरूनही बाळ बाहेरच. मग जन्मतारीख. 10 फेब्रुवारी म्हणजे 10-02, पण महिना आधी लिहिणाऱ्या प्रणालीत ती 2 ऑक्टोबर होऊन बसते. त्यानंतर लिंग, नातं, आणि कॅशलेससाठी लागणारं बाळाचं वेगळं कार्ड. चूक दिसली तर त्याच दिवशी ईमेलने कळवा. नाव ठरल्यावर 'बेबी ऑफ' बदलून घ्या आणि पुढच्या नूतनीकरणाच्या कागदावर बाळाचं नाव आणि जोडल्याची मूळ तारीख दोन्ही उतरलीत का ते बघा. तारीख नवी पडली तर प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याची भीती असते.

कंपनी उत्तरच देत नसेल किंवा कारण न देता अर्ज नाकारत असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं. तिथे आपण पाठवलेला तो पहिला ईमेल, पैसे भरल्याची पावती आणि जन्मदाखला हे तीन कागद घेऊन जा.